शब्दचर्चा: 'स्टोव्हपाइप' आणि 'डबल फीड' यांना मराठीत काय म्हणावे?

नवशिका_नेमबाज: पिस्तूल शिकतोय. काल दोनदा अडकलं. प्रशिक्षक पहिल्यांदा 'स्टोव्हपाइप' म्हणाले, दुसऱ्यांदा 'डबल फीड'. मला दोन्ही वेळा वरची सरकती स्लाइड अर्धवट उघडी दिसली, एवढंच. फरक कसा ओळखायचा? आणि मराठी शब्द?

खमंग: स्टोव्हला पिन मारायची, मोकळा होतो. :)

जुना_चाप: तो स्टोव्ह नव्हे, शेगडीचं धुराडं. गोळी गेल्यावर उरलेली रिकामी पुंगळी बाहेर फेकली जायला हवी. ती पुरती सुटायच्या आत स्लाइड परत आली, तर बाहेर पडायच्या खिडकीतच चिमटली जाते आणि धुराड्यासारखी उभी राहते. म्हणून मी 'धुराडे' म्हणेन. मनगट ढिलं असेल तर असं होतं, कारण झटका हातच खातो आणि स्लाइडला मागे जायला जोर उरत नाही. कमी जोराच्या काडतुसानेही होतं.

शब्दवेल्हाळ: मग डबल फीड म्हणजे मॅगझिनने एकदम दोन काडतुसं वर ढकलली. 'दुबार भरण'?

जुना_चाप: अर्धं बरोबर. मॅगझिनचे ओठ वाकले की तसं होतं खरं. पण बऱ्याचदा दोष एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याचा. तो पुंगळी चेंबरमधून ओढतच नाही, स्लाइड मात्र मागे जाऊन नवं काडतूस पुढे आणते, आणि त्याचं नाक जुनीच्या बुडावर आपटतं.

ओळखायचं असं. बोट चापाबाहेर, नळी लक्ष्याकडे, मग नुसतं खिडकीकडे बघ. पितळ बाहेर डोकावतंय? धुराडं. बाहेर काही नाही, पण आत एकामागे एक दोन पितळं? डबल फीड. धुराडं मॅगझिनवर थाप मारून स्लाइड जोरात ओढली की बहुधा सुटतं. डबल फीडवर तेच केलंस तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस त्याच गर्दीत घुसतं. तिथे स्लाइड मागे अडकवून मॅगझिन उपसून काढावं लागतं, मग दोन-तीनदा स्लाइड ओढायची. तू अजून शिकतोयस, तेव्हा हात वर करून प्रशिक्षकांना बोलव.

नवशिका_नेमबाज: म्हणजे पहिल्या वेळी पितळ उभं होतं. दुसऱ्यांदा मी थाप मारून ओढली आणि आणखीच घट्ट बसलं! तरीच ते ओरडले.

रानवाट: आमच्या आजोबांची दुनळी बारा बोरची पावसाळ्यात जाम व्हायची. ते कुठलं?

जुना_चाप: तिसरंच. कागदी काडतूस दमटपणाने फुगलं की चेंबरमध्ये शिरत नाही. दुनळीला ना स्लाइड ना मॅगझिन, त्यामुळे ही दोन्ही दुखणी तिला नाहीत.

शब्दवेल्हाळ: पण जुनी पुंगळीच आत राहिली असेल तर भरण दुबार कुठे झालं? 'पुंगळी न निघणे' म्हणा सरळ.

जुना_चाप: काहीजण तसा भेद करतात खरा, दोन्ही जिवंत काडतुसं असली तरच डबल फीड म्हणतात. मी दोन्हींना तेच म्हणतो, कारण सोडवायची रीत एकच.

शब्दवेल्हाळ: रीत एक म्हणून शब्द एक? पटलं नाही. 'धुराडे' मात्र घेतला.