अनुभव धागा: नवराबायकोची महिन्याची पैशाची बैठक, तुमच्यात होते का?

बार्शीरोडवाली: काल माळा झाडताना जुनी वही सापडली. एका पानावर ह्यांच्या अक्षरात नुसतं "२६,०००??". सगळं आठवलं बगा.

पोरीच्या क्लासची फी जूनपर्यंत १,२०,००० जमवायची होती, महिन्याला १०,०००. चार महिन्यांनी वेगळ्या खात्यात ४०,००० पाहिजेत, निघाले २६,०००. मला वाटलं ह्यांचं हॉटेल, ह्यांना वाटलं माझ्या साड्या. पासबुक घेऊन बसलो तर दोघंही सुटलो! १२,००० विम्याचा वर्षाचा हप्ता, २,००० गाडीचे टायर. येणार हे माहीत होतं, पण महिन्याच्या हिशेबात कुठंच धरलं नव्हतं.

तवापासून ५ तारखेला जेवणं झाली की २० मिनिटं बसतो. आधी खात्यात किती पाहिजे होते नि किती आहेत, मग फरक कशानं पडला तेवढंच. वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहून काढले: विमा, गाडी, दिवाळी, येळवस. २४,००० झाले, म्हणून महिन्याला २,००० बाजूला. फीसाठी आता महिन्याला ११,७५० लागत होते, मग फ्रीज पुढं ढकलला. तरी जूनला ९,००० कमीच पडले, क्लासवाल्यांनी हप्ते पाडून दिले.

दोघांना ५००-५०० असे, की त्याचा हिशेब विचारायचा नाही. त्याच्यामुळंच बैठक टिकली.

उदगीरकर: वही कशाला ताई, फोनपे उघडलं की सगळं दिसतंय.

परभणीची सून: भाऊ, एटीएममधून काढलेले ३,००० कुठं गेले ते दिसतंय का त्यात? आणि मेव्हण्याला दिलेले उसने पण खर्चातच दिसतात 😄

उदगीरकर: मेव्हण्याला दिलेले खर्चच असतात ओ

गेवराईचा शेतकरी: पगारवाल्यांचं ठीक आहे. आमच्यात सोयाबीन-कापूस विकला तवाच पैसा. आम्ही पट्टी हातात आली की बसतो. पहिलं पीककर्जाचं काढायचं. मुदतीच्या आत भरलं तर ३ लाखापर्यंत व्याज लागत नाही, चुकलं की सवलत गेली. राहिलेल्याला पुढच्या पिकापर्यंतच्या महिन्यांनी भागायचं, तेवढंच घरखर्चाला. एका साली बियाणं-खत धरायचं राहिलं, जूनमध्ये बायकोची पाटली गहाण पडली. अजून टोमणे खातोय.

नांदेडची मावशी: आमची बैठक दर १० तारखेला असते, १२ बाया आहोत, १०० रुपये दंड आहे

परभणीची सून: मावशी, बचत गटाचं नाही, काकांसोबतची बैठक विचारायलेत

नांदेडची मावशी: त्यांच्यासोबत कशाला बसू, ते पैसेच दाखवत नाहीत

बार्शीरोडवाली: मावशी, ह्यांनी पण पहिले दोन महिने टाळलं होतं. पगार किती हे विचारण्याऐवजी फीचं पान पुढं केलं, तवा बसले. पण दाखवायचंच नसंल तर माझ्याकडं पण उत्तर नाही.

उदगीरकर: येळवसला खर्च किती धरता? आमच्यात भज्जीलाच पाव्हणे ४० असतात

बार्शीरोडवाली: ३,०००. तुरीच्या-वालाच्या शेंगा माहेरून येतात म्हणून भागतंय. आंबिलीचं ताक पण

गेवराईचा शेतकरी: आंबील पोचवा की इकडं