रीवायरिंगनंतर ठेकेदाराकडे सर्किटचा नकाशा लेखी मागायचाय, पत्र बघून सांगाल का?

ठाण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं गेल्या महिन्यात पूर्ण रीवायरिंग केलं. डीबीत दहा एमसीबी आहेत, पण वर मार्करने नुसतं 'लाइट', 'पॉवर', 'पॉवर' एवढंच लिहिलंय. परवा गिझरचा एमसीबी पाडला तर ओट्यावरचा इंडक्शनचा प्लगही बंद! आधी तिथे १६चा एमसीबी होता. दोन्ही एकदम लावलं की पडायचा, म्हणून ठेकेदाराच्या माणसाने "आता नाही पडणार" म्हणत ३२चा बसवला. भिंतीत वायर कुठली घातलीय ते मला माहीत नाही. आई दिवसभर एकटी घरी असते, म्हणून जास्त काळजी वाटते. शेवटचा हप्ता अजून दिलेला नाही. पत्र असं लिहिलंय:

"सप्रेम नमस्कार. आपण केलेल्या वायरिंगचा नकाशा कृपया सही करून द्यावा. प्रत्येक एमसीबीवर कोणत्या खोलीतले कोणते पॉइंट आहेत, तो किती अँपिअरचा आहे आणि त्या लाइनला डीबीपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत किती स्क्वेअर एमएमची वायर आहे, हे त्यात असावं. गिझर आणि ओट्याचा प्लग एका लाइनवर का, तेही कळवावं. नकाशा मिळाल्यावर उरलेली रक्कम लगेच देते."

घरमालक_६२: ३२चा म्हणजे उलट चांगलंच की, जास्त लोड घेईल. टेस्ट रिपोर्ट मागा, त्यात सगळं असतं.

तारवाला: दादा, टेस्ट रिपोर्टात अर्थिंग, इन्सुलेशनचे आकडे येतात, खोलीवार नकाशा नसतो. आणि एमसीबी वायरला वाचवायला असतो. ताई, २००० वॉटचा गिझर साधारण ९ अँपिअर घेतो, इंडक्शन तेवढंच. दोन्ही मिळून १७-१८, म्हणून १६चा पडत होता, तो त्याचं काम करत होता. वायर अडीचची असेल तर उद्या त्याच लाइनवर आणखी काही लागलं तरी ३२चा पडणार नाही आणि वायर भिंतीत तापत राहील. आजच १६चा परत बसवून घ्या, दोन्ही एकदम लावू नका. गिझरला वेगळी लाइन हवी. पत्रात 'डीबीपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत' लिहिलंत ते ठेवाच. माहितगार माणसाकडून मेन बंद करून गिझरची प्लेट उघडवा, वायरच्या कव्हरवर साइज छापलेला असतो. फेजच्या स्क्रूत दोन वायरी दिसल्या तर तिथून पुढे लूप मारलाय.

वाडा_पुणे: आमच्याकडे पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडायचा, गच्चीवरच्या दिव्यात पाणी निघालं. तुमचंही तसंच असेल.

तारवाला: यांचा आरसीसीबी पडत नाहीये हो.

धागाकर्ती: सोसायटीच्या वायरमनकडून १६चा बसवून घेतला. प्लेटही उघडली. फेजला दोन वायरी आहेत आणि दोन्हींवर २.५ छापलंय. पण डीबीत त्याच एमसीबीला लागलेली वायर ४ची आहे!

तारवाला: मग मध्ये कुठेतरी जॉइंट आहे. तो कुठल्या बॉक्समध्ये, हेही पत्रात विचारा. प्लास्टरखाली गेला असेल तर शोधणं अवघड.

धागाकर्ती: ही ओळ घालून पत्र पाठवलं. ठेकेदार म्हणतो नकाशा "तोंडी सांगतो". शनिवारी येणार आहे.