मदत हवी आहे: पगाराची बँक बदलल्याची नोटीस सोपी करायची आहे

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यातल्या कामगारांसाठीची नोटीस आहे. पगार ७ तारखेला, पण पुढच्या महिन्यापासून नव्या बँकेतून. मूळ मसुद्याची सुरुवात ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ अशी, आणि करायचं काय ते चौथ्या परिच्छेदात! मी असं लिहिलंय:

‘७ तारखेचा पगार नव्या खात्यात जमा होईल. २५ तारखेपर्यंत नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स सही करून ऑफिसात द्या. खाते क्रमांक हाताने लिहून देऊ नका. जुने खाते इतक्यात बंद करू नका.’

झेरॉक्सचा आग्रह एवढ्यासाठी की एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरच जमा होते, नाव जुळवून पाहतीलच असं नाही. एक आकडा चुकला की पगार परत येतो, किंवा भलत्याच खात्यात जातो. आयएफएससीतलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. हाताने लिहिताना तिथे हमखास इंग्रजी ओ पडतो.

अडलंय ते हप्त्यांपाशी. समजा गाडीचा हप्ता १० तारखेला जुन्या खात्यातून कापला जातो. पगार नव्या खात्यात गेला, जुनं रिकामं, की हप्ता परत जाणार आणि वर दंड. हप्त्याचा मँडेट कर्ज देणाऱ्याकडेच बदलावा लागतो, त्याला वेळ लागतो; तोवर ९ तारखेपर्यंत जुन्या खात्यात पैसे वळवायला हवेत. हे दोन ओळींत, ‘मँडेट’ शब्द न वापरता कसं लिहाल? गुजराती प्रतही यावरूनच काढायची आहे.