स्केलिंगला ‘खरवडणे’ म्हणावं का? पहिल्या पेशंटच्या पाठासाठी शब्द हवेत

हिरडीबाई
मी डेंटल हायजिनिस्टच्या डिप्लोमाला शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली. आतापर्यंत प्लास्टिकच्या जबड्यावर हात बसवला, येत्या सोमवारी पहिल्यांदा खऱ्या माणसाच्या तोंडात हात घालतील. त्या दिवसाचा पाठ मराठीत लिहितेय आणि एका क्रियापदावर अडलेय. स्केलिंग म्हणजे दातावर चढून कडक झालेलं कीट काढणं, त्यासाठीचं क्रियापद.

वाक्य असं: ‘खालच्या समोरच्या सहा दातांच्या जिभेकडच्या बाजूचं कीट ______.’

मागच्या वर्षी तिथे ‘खरवडा’ लिहिलं होतं. एका मुलाने खरोखरच खरवडलं. अल्ट्रासॉनिक यंत्राची थरथरणारी टिप खिळ्यासारखी दातावर उभी धरली आणि दाबली. पेशंट खुर्चीत उडालाच, आणि पाणी पुसल्यावर दातावर बारीक ओरखडा दिसला. मी रागावले तर तो म्हणाला, “मॅडम, कागदावर खरवडाच लिहिलंय.” बरोबरच होतं त्याचं.

शब्द सुचवा. पॉलिशिंगलाही सुचवा. ‘घोटणे’ डोक्यात आहे, पण खात्री नाही.

सडेफटिंग
खरवडणेच योग्य. शेवटी धारेने थर काढणं हेच काम आहे ना? नारळ खरवडतो, कढई खरवडतो, तसे दात. शब्द गुळगुळीत केल्याने हात हलका होत नाही, तो सरावाने होतो.

माजघर
कोकणातलं सांगते. आमच्याकडे खरवड म्हणजे टोपाच्या तळाला धरलेला भात. तो काढायचा तर वरून जोर लावून घासावा लागतो, आणि टोपाला चरे गेले तरी कोणी रडत नाही. घावन मात्र कोणी खरवडत नाही. उलथण्याची कड घावनाच्या कडेखाली आडवी सरकवायची, मग जरा उचलायचं, की घावन अख्खं सुटतं. तुमचं कीट कुठल्या जातीचं, खरवडीच्या की घावनाच्या?

जुना मास्तर
माजघर, तीस वर्षं हिरड्यांचे आजार शिकवले, पण हा दाखला सुचला नाही. कीट घावनाच्या जातीचं.

हाताच्या हत्याराने काम करताना पातं दाताला जवळजवळ चिकटवून आडवं, कीटाच्या खालच्या कडेपलीकडे न्यायचं. मग पातं उघडायचं, म्हणजे दाताशी त्याचा कोन साधारण 70 ते 80 अंशांचा होईल असं, आणि कडेला पकडून एक छोटी, ठाम ओढ द्यायची. तुकडा सुटतो. 45 अंशांच्या आत राहिलात तर पातं कीटावरून घसरतं, 90 च्या पुढे गेलात तर हिरडी सोलते. म्हणून मी ‘सुटवणे’ म्हणेन. ‘कीट सुटवा.’ या क्रियापदात कड शोधणं आलं, आणि जोर कीटावर, दातावर नाही, हेही आलं.

सडेफटिंग म्हणतात तसं धारेनेच होतं, हे खरं. पण ते हाताच्या हत्यारापुरतं. अल्ट्रासॉनिकला धार नसते. टिप थरथरते आणि त्या थरथरीने कीट फुटतं. तिथे खरवडणं म्हणजे थरथरीला दाबून बंद पाडणं. टिपची बाजू दाताला जवळपास समांतर, फार तर 15 अंश, आणि हात अखंड फिरता. टोक कधीच दाताकडे रोखायचं नाही. तेव्हा दोन हत्यारांना दोन क्रियापदं लिहा.

हिरडीबाई
‘सुटवा’ आणि ‘फिरवत राहा’. लिहून घेतलं. ‘फिरवत राहा’मुळे आणखी एक गोष्ट साधते. मुलं चिवट तुकडा दिसला की तिथेच थांबतात. थांबलं की दात तापतो, आणि पाणी कमी असेल तर जास्तच. मी त्यांना टिपच्या टोकाशी बारीक तुषार दिसून थेंबही पडताना दिसले पाहिजेत, असं दाखवते. नुसते तुषार असले तर पाणी वाढवा.

शंकासूर
माझा अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी दात साफ करून घेतले. त्यानंतर खालच्या दातांत फटी पडल्या आणि दात हलू लागले. आता तुम्ही म्हणता कीट सुटवायचं. राहू द्या की जिथे आहे तिथे! निदान दात धरून तरी ठेवतं.

हिरडीबाई
शंकासूर, प्रश्न शब्दाचा होता, पण तुमची तक्रार सोमवारी नक्की येणार, म्हणून उत्तर देते. फट कीटाने केलेली नाही आणि सफाईनेही नाही. हिरडी सुजून वर आलेली असते, आणि कीट त्या जागेत सिमेंटसारखं भरलेलं असतं. सूज उतरली, सिमेंट निघालं, की आतली फट उघडी पडते. दात हलतो तो खालचं हाड आधीच झिजलेलं असल्यामुळे. कीट ठेवलं तर हाड आणखी जातं. ही फट दिसेल हे आधी सांगायला हवं होतं, ते तुम्हाला कोणी सांगितलं नसावं. मुलांच्या पाठात हे वाक्य काम सुरू करण्याआधी येतं, नंतर नाही. काही दिवस थंड पाणी झोंबेल, हेही त्याच वेळी सांगायचं.

शंकासूर
सांगितलं नव्हतं, हे खरं. बाकी तुमचं पटलं असं नाही.

वैद्यबुवा
मूळ शब्दच का विसरता? सुश्रुतांनी याला ‘दंतशर्करा’ म्हटलंय, आणि उपाय सांगताना लिहिलंय: ‘अहिंसन् दन्तमूलानि शर्करामुद्धरेद् भिषक्.’ दाताच्या मुळांना इजा न करता शर्करा काढावी. क्रियापद ‘उद्धरेत्’, म्हणजे वर काढणे. खरवडणे नाही! आणि ‘अहिंसन्’ हा तुमचा सगळा पाठच आहे. पाठात ‘दंतशर्करा-उद्धरण’ लिहा.

हिरडीबाई
वचन भिंतीवर लावते, खरंच. पण पेशंटला ‘तुमच्या दातांवर शर्करा आहे’ सांगितलं तर तो म्हणेल, ‘मला शुगर नाही हो.’ आधीच ‘कीट’ म्हटलं की लोक ‘कीड’ ऐकतात. मागच्या महिन्यात एका आजींनी विचारलं, “किती दात किडलेत?” किडलेला एकही नव्हता.

माजघर
मग ‘किटण’ म्हणा. तेलाच्या बरणीवर चढतं ते किटण. त्यात किडीचा संशय येत नाही.

जुना मास्तर
किटण बरणीवर हलकं बसतं, बोटाने निघतं. दातावरच्या मऊ पांढऱ्या थराला ते शोभेल, कडक झालेल्याला नाही. पण कानाला बरं आहे. मी काही बोलत नाही.

आता पॉलिशिंग. ‘घोटणे’ नको म्हणतो, आणि कारण नुसतं भाषेचं नाही. मूर्ती घोटतात, कागद घोटतात, म्हणजे दाबून, पुन्हा पुन्हा, गुळगुळीत होईपर्यंत. मुलाला ‘घोट’ म्हटलं की तो रबरी कप दातावर दाबून ठेवतो. कप मंद गतीने, पेस्ट ओलसर ठेवून, एका जागी सेकंद-दोन सेकंद टेकवून उचलायचा असतो, नाहीतर दात तापतो. शिवाय पॉलिशमध्ये इनॅमलचा वरचा अगदी बारीक थर जातो. जे जातंय ते घोटून वाढवायचं कशाला?

सडेफटिंग
मग ‘झिलई देणे’. सुंदर शब्द आहे, ‘घोटणे’पेक्षा मऊ.

जुना मास्तर
सुंदर आहे, पण झिलई म्हणजे वरून काहीतरी चढवणं. मातीच्या भांड्याला झिलई चढते. दाताला काहीच चढत नाही. पेशंटचाही असाच समज होतो की काही लेप दिला, म्हणून दात चमकले.

माजघर
कामाचं नाव परिणामावरून ठेवायचं की हाताच्या हालचालीवरून? तुम्हाला हालचाल हवी असेल तर सरळ ‘डाग पुसणे’ म्हणा. पुसायचं तिथे, जिथे डाग आहे.

हिरडीबाई
हे मला आवडलं, कारण पाठातला नियम तोच आहे. चहा-तंबाखूचा डाग असेल त्याच दातावर कप. हिरडी उतरून मूळ उघडं पडलंय, किंवा इनॅमलवर पांढरे कमकुवत पट्टे आहेत, तिथे कप लावायचाच नाही. ‘पॉलिश’ म्हटलं की मुलं सहाही दातांवर फिरवतात. मात्र कार्यालयाच्या फॉर्मवर ‘पॉलिशिंग’ छापलेलं आहे, आणि 1948 च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये हायजिनिस्टच्या कामाची तीन वेगळी क्रियापदं आहेत: स्केल करणे, स्वच्छ करणे, पॉलिश करणे. ‘डाग पुसणे’ फॉर्मवर चालेल का, ते बघते.

जुना मास्तर
थांबा, ‘घोटणे’ टाकू नका. त्याची जागा वेगळी आहे. बोथट पात्याने किंवा चुकीच्या कोनात कीटावरून वरवर हात फिरवला की कीट निघत नाही, त्याचा वरचा भाग फक्त गुळगुळीत होतो. मग तपासणीच्या सळईलाही ते लागत नाही. मुलगा म्हणतो, झालं. इंग्रजीत त्याला एक नाव आहे, मराठीत मी ‘घोटलेलं कीट’ म्हणेन. पहिल्या पेशंटवर सगळ्यात जास्त हीच चूक होते, ओरखड्याहूनही जास्त, कारण ती दिसत नाही.

हिरडीबाई
मास्तर, हे अगदी खरं. परवा सरावात एका मुलीने 31 आणि 41 वर, म्हणजे खालच्या अगदी मधल्या दोन दातांवर, वीस मिनिटं घालवली. तिच्या सळईला सगळं गुळगुळीत लागलं. मी हवेने दात सुकवले, तर हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढुरका पट्टा उमटला. ओलं असताना तो दाताच्या रंगात मिसळून गेला होता. मग तिचं पातं बघितलं, दिव्याखाली धारेवर चकाकणारी रेघ. धार असती तर उजेड परतला नसता. पातं बोथट म्हणून ती दाबत होती, दाबताना अनामिकेचा टेकू शेजारच्या दातावरून सुटत होता, आणि हात अधांतरी.

म्हणून सोमवारचा क्रम असा ठेवते. आधी विचारपूस: रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची कृत्रिम झडप, पेसमेकर, बीपी. यातलं काही निघालं तर तो पेशंट आपला पहिला पेशंट नाही, मला हाक मारा. मग टेकू. टेकू मला दाखवल्याशिवाय पाय अल्ट्रासॉनिकच्या पेडलवर जाणार नाही. मग टिप फिरवत राहणं, उरलेलं हाताच्या हत्याराने सुटवणं, आणि प्रत्येक दात सुकवून पुन्हा बघणं. डाग पुसणं सगळ्यात शेवटी. सहाच दात. जास्त नाही.

वैद्यबुवा
‘टेकू’ चांगला. पण पेशंटच्या दातावर ‘टेकू’ म्हणजे दाताला आधार, असा अर्थ कोणी लावेल. ‘बोटाचा टेकू’ लिहा.

हिरडीबाई
लिहिते. आणि ‘किटण’ की ‘कीट’ हे अजून ठरलेलं नाही. आजींना विचारून बघते, त्या सोमवारी येणार आहेत.