धातू उसळल्याच्या अहवालात 'निष्काळजीपणा' लिहावा का?

शिफ्ट इन्चार्ज, शिरोली: काल रात्रपाळीत आमच्या फौंड्रीत लॅडलमध्ये धातू घेताना तो उसळला आणि एका कामगाराचा पाय भाजला. 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे कारण लिहून अहवाल संपवा, असे वरिष्ठ सांगतात. ते बरोबर आहे का?

जुना मेल्टर: त्याने लेग गार्ड घातले नसतील, तर निष्काळजीपणा लिहावाच लागेल. वारंवार सांगूनही पोरे ऐकत नाहीत, हे मी आयुष्यभर पाहिले आहे.

सेफ्टी ऑफिसर, कागल: आपला अनुभव मान्य आहे, मात्र लेग गार्ड नसल्याने पाय भाजला असेल, धातू त्यामुळे उसळला नाही. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १६०० पट वाढते, म्हणून नव्या अस्तरात थोडी ओल राहिली तरी सुमारे १४०० अंशांचा धातू बाहेर फेकला जातो. त्यामुळे लॅडलचे अस्तर कधी केले, बर्नर किती वेळ चालला आणि ती वापरायला कोणी दिली, हे आधी शोधावे.

घटनाक्रम लिहिताना प्रत्येक वेळेपुढे ती कुठून घेतली हे नोंदवा. कॅमेऱ्याचे आणि फर्नेसच्या पॅनेलचे घड्याळ सहसा जुळत नाही. दोन्ही आजच मोबाइलशी ताडून फरक लिहून ठेवा, नाहीतर उसळण्याआधीच ॲम्ब्युलन्स बोलावल्यासारखे दिसेल. 'लॅडल ओली होती' असे न लिहिता 'धातू ओतताच अस्तरातून वाफ येताना क्रेनचालकाने पाहिली' असे लिहा, कारण पहिले अनुमान आहे आणि दुसरी साक्ष.

उपाययोजनेत 'कामगारांना समज दिली' एवढेच लिहू नका. तापवण्याची नोंद पूर्ण होईपर्यंत लॅडलला लाल पाटी राहील, पाटी असताना क्रेनचालक ती उचलणार नाही, पाटी काढण्याचा अधिकार कोणाला आणि ही पद्धत कोणत्या तारखेपासून, हे लिहा.

गोकुळ शिरगावहून: माझे बोट प्रेसमध्ये गेले, तेव्हाही माझीच चूक लिहिली होती. त्याला ईएसआय मिळेल ना?

सेफ्टी ऑफिसर, कागल: तो अर्ज वेगळा असतो, अपघात कामावर असताना झाला, याची नोंद मात्र नक्की करून घ्या. आणि इन्चार्जसाहेब, जखमी ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर कारखाने निरीक्षकांना कळवणे बंधनकारक आहे.

लहान फौंड्रीचा मालक: बर्नर बंद होता हे आपणच लिहून दिले, तर निरीक्षकांच्या हाती आयता कबुलीजबाब जातो. पगार, वीजबिल आणि ग्राहकाची तारीख सांभाळणाऱ्याने तेवढा धोका का पत्करावा?

सेफ्टी ऑफिसर, कागल: आपली भीती खरी आहे. पण बर्नरचा उल्लेख गाळला, तर नवा बर्नर घेण्याची मागणी कोणत्या आधारावर करणार? पुढची लॅडलही त्याच बर्नरवर तापणार आहे.

लहान फौंड्रीचा मालक: मागणी तोंडी करता येते. लेखी द्यावे, हे मला अजून पटत नाही.

शिफ्ट इन्चार्ज, शिरोली: बर्नरची वही आताच पाहिली. रात्री साडेदहानंतर एकही नोंद नाही आणि लॅडल पावणेदोनला वापरली. त्या पानाचा फोटो अहवालाला जोडत आहे. कारणाची जागा चौकशी होईपर्यंत रिकामी ठेवतो.