मदत हवी आहे: व्युत्पत्तीच्या नियमांवर वाचनीय पुस्तक

नमस्कार मंडळी. कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' माझ्याकडे आहे, अधूनमधून चाळतो. पण कोशात शब्दाचं मूळ मिळतं, तो असा का बदलला हे फारसं कळत नाही.

उदाहरणार्थ, संस्कृत 'हस्त'चं प्राकृतात 'हत्थ' झालं. पुढे जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला आणि हिंदीत 'हाथ' झालं. सप्त, सत्त, सात हीच वाट. मग मराठीत 'हात' का? 'थ'मधला हकार कुठे गेला? 'भूख'चं आपल्याकडे 'भूक', 'सीखना'चं 'शिकणे'. वाटलं, मराठी शेवटचा हकार टाकून देते. पण 'आठ', 'पाठ', 'दूध', 'जीभ' यांत तो शाबूत! इथे माझी गाडी अडते.

असे ध्वनिबदल आणि त्यांचे अपवाद उलगडून सांगणारं पुस्तक सुचवाल का? शाळेपुरतं संस्कृत येतं, भाषाशास्त्र शिकलेलो नाही. ज्यूल ब्लॉक यांच्या फ्रेंच ग्रंथाचा मराठी अनुवाद, 'मराठी भाषेचा विकास', कुणी वाचलाय का? माझ्यासारख्याला झेपेल? जुनी प्रत कुठे मिळेल तेही सांगा. इंग्रजी पुस्तक चालेल. फक्त 'सगळं संस्कृतातूनच आलं' छापाचं नको.