‘१६-१० प.’ : पासून की पर्यंत?

मुक्ता, परळ
यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या घरात मराठी कॅलेंडर टांगलं आणि पहिल्याच संकष्टीला फजिती झाली. शनिवारच्या चौकटीत बारीक अक्षरांत होतं : ‘कृ. तृतीया १६-१० प., कृत्तिका १३-२५ प.’, आणि खाली ‘संकष्ट चतुर्थी, चं. उ. २१-०५’. रविवारी ‘चतुर्थी १७-४० प.’. मी ‘प.’ म्हणजे ‘पासून’ धरलं. म्हणजे चतुर्थी रविवारी संध्याकाळी सुरू, चंद्र रात्री, सगळं कसं जुळलं! शनिवारची ‘संकष्ट’ छपाईची चूक समजून रविवारी उपास केला. सासूबाईंनी फोनवर विचारलं, “अगं, काल सोडलास ना?” चुकलं कुठे?

चाळकरी
‘प.’ म्हणजे पर्यंत. कॅलेंडरवर तिथी लागते कधी ते छापत नाहीत, संपते कधी ते छापतात. दिवस मात्र रात्री बाराला बदलतो, त्यामुळे शनिवारी रात्री बारापासून तृतीया.

आबा, गिरगाव
पहिली दोन वाक्यं बरोबर, तिसरं नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. चौकटीला नाव मिळतं ते सूर्य उगवताना चालू असलेल्या तिथीचं. शनिवारी सकाळी तृतीया होती, म्हणून चौकट तृतीयेची. दुपारी चार-दहाला ती संपली आणि चतुर्थी लागली. रात्री नऊ-पाचला चंद्र उगवला तेव्हा चतुर्थीच होती. संकष्टीला सूर्योदय नाही, चंद्रोदय बघायचा, म्हणून उपास शनिवारी. रविवारी चतुर्थी पाच-चाळीसला आटोपली. त्या रात्री चंद्र दहाच्या सुमारास आला तेव्हा पंचमी चालू होती.

थोडक्यात मुक्ताबाई, चौकटीचं नाव आणि खालचं व्रत वेगळ्या तिथीचं दिसलं की छपाईवर संशय घेण्याआधी ‘पर्यंत’ची वेळ बघा.

चाळकरी
सूर्योदयाचं मान्य. पण मग एखादी तिथी सूर्योदयाला सापडलीच नाही तर?

आबा, गिरगाव
तोच क्षय. समजा सूर्योदय सहा-चाळीसचा आणि चौकटीत ‘सप्तमी ०६-५५ प., अष्टमी ३०-२० प.’ असं आहे. तीसातून चोवीस वजा करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे सहा-वीस. अष्टमी एका सूर्योदयानंतर लागली आणि पुढच्याच्या आधी संपली. ‘क्षय’ शब्दाने लोक घाबरतात, पण तिथी साडेतेवीस तास होतीच की. फक्त तिच्या नावाची चौकट नाही. उलट एखादी दोन सूर्योदय गाठते, ती वृद्धी. चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून तिथी साधारण वीस तासांचीही असते आणि सव्वीस तासांहून जास्तही. सगळी कॅलेंडरं चोवीसच्या पुढे मोजत नाहीत, काही ‘उ. रा.’, म्हणजे उत्तररात्री, असं लिहितात.

विदर्भवाला
मी नागपूरचा, सध्या अंधेरीत. घरी आई आमच्याआधी उपास सोडते, कॅलेंडर तर तेच!

आबा, गिरगाव
तिथी संपण्याचा क्षण देशभर एकच. चंद्रोदय गावागणिक वेगळा. नागपूर पूर्वेला, तिथे चंद्र मुंबईच्या पंचवीसेक मिनिटं आधी दिसतो. छापलेली वेळ कोणत्या गावची, ते कोपऱ्यात असतं.

शेतकऱ्याची लेक
माझा प्रश्न कृत्तिकेवर. आमच्याकडे जूनमध्ये मृग लागतं ते पंधरवडाभर चालतं. इथे नक्षत्र रोज बदलतंय, हे कसलं?

मुक्ता, परळ
अरे हो, मलाही तेच वाटलं होतं!

आबा, गिरगाव
शब्द एक, प्रवासी दोन. चौकटीतलं नक्षत्र चंद्राचं, साधारण दिवसाला एक. पेरणीचं मृग सूर्याचं, सात-आठ जूनला लागतं. त्याच्या शेजारी वाहन छापतात, कोल्हा, बेडूक वगैरे. आणि चौकटीत ‘अहोरात्र’ दिसलं तर ते नक्षत्र पुढच्या सूर्योदयापर्यंत हलत नाही.

चाळकरी
लाल आकड्याचं काय? लाल म्हणजे सुट्टी पक्की ना?

विदर्भवाला
पक्की कसली! २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरात ५ सप्टेंबरची ८ तारखेला गेली. विसर्जन ६ ला होतं. बाकी जिल्ह्यांत ५ च राहिली. कॅलेंडर त्याआधीच छापून भिंतीवर.

मुक्ता, परळ
म्हणजे लाल रंगावरही ‘प.’ हवं होतं, ‘परिपत्रक येईपर्यंत’!
बरं आबा, शेवटचं. दोन्ही रात्री चंद्रोदयाला चतुर्थी असली तर?

आबा, गिरगाव
आमच्या घरात पहिल्या रात्रीची धरतात, तृतीयेला जोडून आलेली. शेजारचे दुसरी धरतात. त्यावर आमचं पस्तीस वर्षं चालू आहे.